48 लाखांच्या फ्लॅटची फाइल

"मामा, करारात किती लिहिलंय ते नको सांगू. खिशातून एकूण किती गेले ते सांग. आम्हीही फोंड्यातच बघतोय."

60 लाख 25 हजार 180 रुपये. करारातला आकडा 48 लाखांचा. हा प्रश्न भाच्याने विचारला, त्याआधी ऑफिसातल्या दोघांनी आणि पुण्याच्या मेव्हण्यानेही विचारला होता. दर वेळी आठवून सांगायचो आणि दर वेळी काहीतरी विसरायचो. म्हणून या वेळी कपाटातली निळी फाइल काढली आणि पावत्या एकेक करून मांडल्या.

गोव्यात फोंड्यातला हा फ्लॅट जुना, म्हणजे दुसऱ्याकडून घेतलेला. दोन बेडरूम, वरचा मजला, 2023 चा फेब्रुवारी. नवीन बांधकाम चालू असतं तर 48 लाखांवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 2 लाख 40 हजार आणखी लागले असते. ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, मिळालेल्या किंवा जुन्या फ्लॅटवर तो नसतो. तेवढी एक पावती माझ्या फाइलीत नाही.

पहिली मोठी पावती सब-रजिस्ट्रारची. स्टॅम्प ड्युटी 3.5 टक्के म्हणजे 1,68,000. नोंदणी फी 3 टक्के म्हणजे 1,44,000. मेव्हण्याने हे ऐकलं आणि म्हणाला, "नोंदणीचे दीड लाख? तुला कोणीतरी गंडवलंय." त्याची चूक नाही. महाराष्ट्रात नोंदणी फी 30 हजारांवर थांबते, म्हणून पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोक्यात ती किरकोळ खर्चांत असते. गोव्यात ती थांबत नाही, किमतीच्या टक्क्याने वाढतच जाते. शिवाय दर टप्प्याने चढतात. माझ्या वेळी 50 लाखांची मर्यादा ओलांडली की स्टॅम्प ड्युटीचा वरचा टप्पा लागत होता, आणि 50 लाख झाले की घेणाऱ्याने विकणाऱ्याचा 1 टक्का टीडीएस कापून भरायचा, हे वेगळं. टीडीएस हा तुमचा खर्च नाही, विकणाऱ्याच्याच पैशांतून जातो, पण भरायला विसरलात तर व्याज आणि दंड तुमचा. 49 आणि 51 लाखांत फरक दोन लाखांचा नसतो, तो असा. दर बदलतात, तेव्हा तुझ्या विक्रीखताच्या आठवड्यात काय आहे ते वकिलाकडून लिहून घे.

इथेच विकणाऱ्याने एक सूचना केली होती. करारात 42 दाखवू, 6 रोख द्या, तुमचीही ड्युटी वाचेल. ऐकायला गोड. मी घरी येऊन कागदावर मांडलं. 6 लाखांवर साडेसहा टक्के म्हणजे वाचणार 39 हजार. आणि बँक कर्ज देते करारातल्या किमतीवर. मला 80 टक्के मंजूर होत होते. 48 वर 38 लाख 40 हजार, 42 वर 33 लाख 60 हजार. म्हणजे 39 हजार वाचवण्यासाठी 4 लाख 80 हजार आणखी पदरचे काढायचे, तेही नोटांत. शिवाय पुढे कधी विकायला गेलो तर कागदोपत्री माझी खरेदी 42 चीच राहणार आणि त्या 6 लाखांवर नफा म्हणून मीच कर भरणार. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मुळात कायद्याने मनाई आहे, हे तर सोडूनच दे. पूर्ण 48 लिहायचं म्हटल्यावर माणूस चार दिवस फोन उचलेना. मग उचलला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. "20 टक्के आपले, 80 बँकेचे" हे वाक्य सगळे म्हणतात, मीही म्हणायचो. 48 चे 20 टक्के म्हणजे 9 लाख 60 हजार. तेवढे आणि वर थोडे असे 12 लाख जमवून मी निवांत होतो. पण बँक ते 80 टक्के मोजताना स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी घराच्या किमतीत धरत नाही. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे, सवलत फक्त 10 लाखांपर्यंतच्या घरांना. दलाली, वकील, सुतार हे तर नाहीतच. म्हणजे 48 च्या वर जे जे लागतं ते शंभर टक्के आपलं. माझ्या एकूण 60.25 लाखांतून 38.40 चं कर्ज वजा कर. उरतात 21 लाख 85 हजार. जमवायचे होते ते हे, आणि मी जमवले होते बारा. मधल्या फटीत हिच्या बांगड्या आणि माझ्या पीएफचा काही भाग गेला.

दलाली 2 टक्के ठरली होती, 96 हजार. पावती आली 1,13,280 ची, कारण दलालाकडे जीएसटी नंबर होता आणि त्यावर 18 टक्के. "पात्रांव, हांवें आदींच सांगिल्लें," असं तो म्हणाला. सांगितलं नव्हतं. पण मीही विचारलं नव्हतं. दोन टक्के ठरवताना "सगळं धरून का?" एवढं विचारायचं आणि व्हॉट्सअॅपवर उत्तर मागून घ्यायचं.

वकिलाचे 30 हजार, टायटल तपासणं आणि विक्रीखताचा मसुदा मिळून. बँकेची प्रोसेसिंग फी, तिचा वकील, तिचा व्हॅल्युअर आणि गहाणाचे कागद मिळून 36,500. आपला वकील असताना बँकेचाही वकील कशाला, हे मला अजून पटलेलं नाही, पण पैसे दोघांनाही आपणच देतो. माझ्या वकिलाने मात्र त्याची फी वसूल करून दिली. विकणाऱ्याचं लग्न गोव्यातलं, त्यामुळे इथल्या कायद्याने फ्लॅटमध्ये बायकोचाही हक्क. तिची सही नसेल तर विक्रीखत अर्धवट. ती मुलीकडे मुंबईला होती. ती येईपर्यंत आठवडा गेला, नोंदणीची तारीख पुन्हा घ्यावी लागली. लांब परदेशी असती तर मुखत्यारपत्र करून येईपर्यंत महिना गेला असता. तू हे टोकन देण्यापूर्वीच विचार.

सोसायटीचं नाव बदलणं आणि डिपॉझिट 25 हजार, वीज आणि पाण्याचं 6 हजार. आणि 11,400 रुपये माझ्या गाढवपणाचे. जुन्या मालकाने दीड वर्ष मेंटेनन्स भरला नव्हता. थकबाकी नसल्याचा दाखला विक्रीखताच्या आधी मागायचा असतो, मी नंतर मागितला. तोवर त्याचा चेक वटला होता.

इथवरची बेरीज 5 लाख 34 हजार 180. उरलेले 6 लाख 91 हजार घरात गेले.

सुताराने कोटेशन दिलं 3 लाख 60 हजारांचं, झाले 4 लाख 32 हजार. फसवणूक नव्हती, मला मोजमाप कळलं नव्हतं. कपाटाचा दर तो समोरच्या स्क्वेअर फुटावर लावतो. 6 फूट रुंद, 7 फूट उंच म्हणजे 42 फूट, 1,450 च्या दराने 60,900. मी धरून चाललो की छतापर्यंत कपाट. पण 7 फुटांच्या वर जो लॉफ्ट असतो तो वेगळा: 6 गुणिले 2, बारा फूट, 17,400. दोन बेडरूमचे 34,800. बिजागऱ्या, चॅनेल, हँडल कोटेशनमध्ये "साधे" होते. हळू बंद होणारे हवेत म्हटल्यावर 19,200. आणि सिंकखालचं आणि गॅसशेजारचं प्लायवूड मी बदलायला लावलं, त्याचे 18 हजार. यातले लॉफ्टचे पैसे मला टोचतात, प्लायवूडचे अजिबात नाहीत. त्याने सगळीकडे बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याहून कमी ओल सोसणारं प्लाय धरलं होतं. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंतीला हात लावला तरी ओलसर लागतो, आणि सिंकचा पाइप कधी ना कधी गळतोच. तिथे बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन ग्रेडचंच हवं. प्लायवर आयएस 710 चा शिक्का असतो. लॅमिनेट चिकटवण्याआधी तो बघायचा, नंतर कोणाला काय दिसतं?

रंगकामाचे आणि छताच्या ओलीचे 74 हजार. यातले निम्मे तरी टळले असते. फेब्रुवारीत घर बघितलं तेव्हा मागच्या बेडरूमच्या छतावर एका कोपऱ्यात तेवढ्याच जागी नवा रंग होता. बाकी छत पिवळट आणि कोपरा पांढराशुभ्र. मला वाटलं, माणसाने स्वच्छता केलीय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे पापुद्रे सुटले आणि मग पांढरी पूड पडू लागली. गच्ची सोसायटीची, त्यामुळे दुरुस्ती सोसायटीने करायची. पण सभा कधी भरणार आणि पाऊस कधी थांबणार? मी स्वतःच्या पैशांनी करून घेतलं आणि अर्ज देऊन ठेवलाय. वरच्या मजल्याचा फ्लॅट घेत असशील तर जुलैत जाऊन बघ, किंवा सोसायटीच्या मिनिटबुकात गच्चीच्या तक्रारी शोध.

इलेक्ट्रिशियनचे 46 हजार, ग्रिल आणि जाळ्यांचे 39 हजार, एसी, गीझर, पंखे मिळून एक लाख. इलेक्ट्रिशियनच्या बिलात एक ओळ आहे, "हूक 8". हॉलला फॉल्स सीलिंग करायचं ठरलं तेव्हा आईने विचारलं, चवथीला गणपतीवर फळांची माटोळी कुठे बांधणार? मग आधी स्लॅबमध्ये हूक ठोकले आणि मग सीलिंग केलं. हे चवथीच्या आदल्या दिवशी आठवलं असतं तर नवंकोरं सीलिंग फोडावं लागलं असतं.

पावत्या जपून ठेवण्याचं कारण फक्त तुझा प्रश्न नाही. जुन्या करपद्धतीत असशील तर स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी त्याच वर्षी दीड लाखाच्या वजावटीच्या मर्यादेत धरता येते. आणि घर विकशील तेव्हा ड्युटी, नोंदणी, दलाली हे सगळं खरेदीच्या किमतीत मिळवता येतं, म्हणजे नफा तेवढा कमी. घरातल्या कामांपैकी कायमची सुधारणा असेल ती दाखवता येते, पलंग आणि एसी नाही. माझी अडचण अशी की सुताराच्या 4 लाख 32 हजारांपैकी बिल आहे फक्त 1 लाख 90 हजारांचं. उरलेलं एका वहीच्या पानावर आहे, खाली त्याची सही आणि "पूर्ण मिळाले". ते पानही फाइलीत लावून ठेवलंय. रविवारी ये, झेरॉक्स काढून ठेवतो. मूळ फाइल मात्र घराबाहेर जाणार नाही, मामीने तसं बजावलंय.