शून्यांवर अडलेली फाईल

"साहेब, झिप केली की जाते, उघडी पाठवली की अडते. आणि दर वेळी त्याच ठिकाणी अडते."

साखर कारखान्याच्या ईडीपी विभागातल्या माणसाने फोनवर सांगितलेलं हे वाक्य अख्ख्या केसचं निदान होतं. पण त्याआधीच्या तीन तक्रारींवर आमच्याच टेलिकॉम खात्यातल्या लोकांनी "लाईन ओके, ग्राहकाचा सर्व्हर तपासावा" असा शेरा मारून ठेवला होता. वापरणारा माणूस तांत्रिक शब्दांत बोलत नाही म्हणून त्याचं ऐकायचं नाही, हा आमच्या खात्यातला जुना रोग आहे.

फाईल होती ऊस बिलांच्या डेटाबेसचा बॅकअप, रोज रात्री पुण्याच्या कार्यालयात जाणारी. मेल चालत होती, बाकीचं काम चालत होतं, बॅकअप मात्र एका ठरावीक टक्क्यावर जाऊन थांबायचा. डेटाबेसच्या फाईलमध्ये न भरलेली पानं असतात आणि ती बहुधा नुसत्या शून्यांची असतात. झिप केल्यावर हीच शून्यं आवळली जातात, लांब रांगा उरत नाहीत. एखादं पॅकेट त्यातल्या बिट्समुळेच मरत असेल, तर टीसीपी बिचारा तेच बिट्स पुन्हा पाठवणार आणि ते पुन्हा मरणार. म्हणून जागा दर वेळी तीच.

कारखान्यावर पोचल्यावर चहाच्या आधी राउटरवरून पुण्याच्या दिशेने नुसत्या शून्यांनी भरलेली शंभर चाचणी पॅकेटं, म्हणजे पिंग, मारली:

```
ping 10.20.1.2 repeat 100 size 1500 data 0000
Success rate is 0 percent (0/100)
```

नुसता `ping` मारला की राउटर पॅकेटमध्ये `0xABCD` हा नमुना भरतो. त्यावर शंभरपैकी शंभर. `ffff` वरही शंभर. फक्त शून्यांवर शून्य. इथे सर्व्हरचा प्रश्न संपला आणि वायरचा सुरू झाला.

आता फाईलचा रस्ता बघा. फाईल सर्व्हरवरून निघून जुन्या राउटरच्या १० एमबीपीएस इथरनेट पोर्टात शिरते. तिथून ई-१, म्हणजे २०४८ केबीपीएसच्या पोर्टातून बाहेर पडून जेमतेम तीन मीटर कोएक्सवरून शेजारच्या रॅकमधल्या, अनेक लाईनी एका फायबरवर चढवणाऱ्या एसटीएम-१ मक्समध्ये जाते आणि मग फायबरवर, चाळीसेक किलोमीटर. तीन तुकडे, आणि तिन्हींवर त्याच शून्यांचा वेश वेगळा. सोबत आलेल्या शिकाऊ पोरीने नेमकं विचारलं, "सर, मग मरतात कुठे?" चाळीस किलोमीटरवर नाही. तीन मीटरवर.

इथरनेटचा तुकडा आधी बाजूला काढू. १० एमबीपीएस इथरनेट मँचेस्टर कोड वापरतं, म्हणजे बायफेज. प्रत्येक बिटच्या मध्यावर सिग्नल उडी मारतोच. १ असेल तर खालून वर, ० असेल तर वरून खाली. बिट अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली, त्यामुळे सरासरी व्होल्टेज कायम शून्य. हजार शून्यं पाठवा, हजार उड्या मिळतील. या उड्यांवरूनच रिसीव्हर बिट मोजायचं घड्याळ जुळवतो, त्यामुळे घड्याळ सुटायचा प्रश्नच नाही.

ई-१ चा तुकडा वेगळा. तिथे एका बिटला ४८८ नॅनोसेकंद मिळतात. एएमआय कोडमध्ये ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे २४४ नॅनोसेकंदांचा एक ठोका, कोएक्सवर २.३७ व्होल्टचा, आळीपाळीने एकदा धन आणि एकदा ऋण. या आळीपाळीमुळेच डीसी, म्हणजे सरासरी व्होल्टेज, उरत नाही. हेच ठोके सगळे धन ठेवले, म्हणजे युनिपोलर केले, तर निम्मे बिट १ धरून सरासरी सुमारे ०.६ व्होल्ट निघते. पोर्टात बसलेला ट्रान्सफॉर्मर डीसी पुढे जाऊ देत नाही. मग पाया सरकतो: एकांची रांग आली की खाली, शून्यांची आली की वर, आणि ० की १ हे ठरवायचा उंबरठा चुकीच्या जागी पडतो. म्हणून तांब्यावर धन-ऋण, म्हणजे बायपोलर.

घड्याळाच्या बाबतीत मात्र युनिपोलर ठोक्यांकडे एक गोष्ट आहे जी एएमआयकडे नाही. अर्ध्या बिटच्या युनिपोलर ठोक्यांच्या स्पेक्ट्रममध्ये २.०४८ मेगाहर्ट्झवर स्वच्छ रेघ असते, जिच्यावरून घड्याळ लावता येतं. आळीपाळीने चिन्ह बदललं की ती नाहीशी होते. रिसीव्हर काय करतो? आलेला एएमआय रेक्टिफाय करतो, ऋण ठोके धन करतो आणि ती रेघ परत मिळवतो. म्हणजे केबलवर बायपोलर, चिपच्या पोटात युनिपोलर. शिकवताना हे सांगायला मला आजही आवडतं, कारण पुस्तकं या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत टाकतात.

पण रेक्टिफाय करायला ठोके तर हवेत. ढोल पथकात ताशा थांबला तरी चार-दोन मात्रा ढोलवाले अंदाजाने लय धरतात, पण त्याला मर्यादा असते. ई-१ च्या फ्रेममध्ये २५६ बिट. त्यातले पहिले ८ फ्रेमची खूण वगैरे वाहतात, उरलेले २४८ आमच्या डेटाचे. डेटा सगळा शून्य असेल तर एएमआयमध्ये २४८ बिट, म्हणजे १२१ मायक्रोसेकंद, केबलवर शुद्ध शांतता.

पाठ्यपुस्तक म्हणतं, इथे घड्याळ सुटतं. जुन्या टँक सर्किटवाल्या रिसीव्हरमध्ये सुटायचंही. चांगल्या क्रिस्टलचा पीएलएल, म्हणजे लय धरून ठेवणारं सर्किट, मात्र १२१ मायक्रोसेकंद आरामात धरतो. ५० पीपीएमचा फरक धरला तरी तेवढ्या वेळात बिटच्या शंभराव्या भागाहून जरासंच जास्त सरकतं. खरा मारेकरी दुसराच. जी.७७५ ही दूरसंचाराची आंतरराष्ट्रीय शिफारस रिसीव्हरला मुभा देते की १० ते २५५ च्या दरम्यान ठरवलेल्या संख्येइतके बिट ठोका आला नाही, तर सिग्नल गेला, म्हणजे एलओएस, असं जाहीर करावं. तसं जाहीर झालं की मक्स पुढच्या बाजूला सगळे १ ओततो. पिंग चालू ठेवून पोरीला मक्ससमोर उभं केलं. "सर, एलओएस लुकलुकतोय!" पिंग बंद, दिवा बंद. पुण्याच्या राउटरवर त्याच वेळी सीआरसीचा, म्हणजे खराब आलेल्या पॅकेटांचा, आकडा चढत होता.

फायबरवर हे का होत नाही? प्रकाशाला ऋण बाजू नसते. तो आहे किंवा नाही, म्हणजे युनिपोलरच. म्हणून एसटीएम-१ मध्ये बिट आधी स्क्रॅम्बलरमधून जातात. आमची शून्यं तिथे ०-१ ची भेळ होऊन जातात, लांब रांग प्रत्यक्षात उरत नाही. सगळ्यात गरीब कोड चाळीस किलोमीटर तरतो तो या एका युक्तीवर.

तांब्यावर ही सोय एचडीबी-३ हा कोड करतो. सलग चार शून्यं आली की त्यांच्या जागी ठोके भरतो, पण मुद्दाम नियम मोडून: शेवटचा ठोका आधीच्या ठोक्याच्याच चिन्हाचा. रिसीव्हरला ती मोडतोड दिसली की तो भर काढून टाकतो आणि चार शून्यं परत ठेवतो. हे कारखान्याच्या राउटरवर असायलाच हवं होतं. `show controllers e1` मारलं तर `Line Code is AMI`.

इतिहास नंतर उलगडला. पावसाळ्यात वीज पडून मक्सचं ई-१ जोडायचं ट्रिब्युटरी कार्ड गेलं. नव्या कार्डाचा कोड निवडायचा जंपर एएमआयवर होता, राउटर एचडीबी-३ वर. मक्स राउटरचे भरीचे ठोके खरे १ समजायला लागला, कोड व्हायोलेशनचा दिवा लाल, लिंक बंद. दुरुस्तीला गेलेल्या तंत्रज्ञाने रॅकमधलं कार्ड काढण्याऐवजी राउटरवर `linecode ami` टाकलं. दिवा हिरवा, तक्रार बंद, जेवायला घरी. माणूस कामाला वाईट नाही. त्याची उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर गेली, आणि तिथे एएमआय खपून जातं: आवाजाचे बिट करायच्या ए-लॉ पद्धतीत एकाआड एक बिट उलटवतात, त्यामुळे फोनवरची शांतता ११०१०१०१ अशी जाते. आवाजाच्या लाईनवर शून्यांची रांग सहसा बनतच नाही. डेटाला असं कुणी सांभाळत नाही. लाईनवर डेटा बांधून पाठवणारा एचडीएलसी पाच एकांनंतर ० घुसवतो, शून्यांना हातही लावत नाही, आणि रिकाम्या वेळी ०११११११० पाठवत राहतो. म्हणून रिकामी लाईन ठणठणीत.

मला अजून खटकतं ते वेगळंच. कार्ड बदलल्यावर चोवीस तासांची बीईआर टेस्ट, म्हणजे चुकलेल्या बिटांची मोजणी, झाली होती, शून्य चुका, सहीशिक्क्यासह. त्या टेस्टरचा नमुना २^१५−१ बिटांचा. त्यात शून्यांची सगळ्यात लांब रांग १५ बिटांची असते. मक्सचा उंबरठा त्याच्या वर. म्हणजे चोवीस तास लाईनला तो प्रश्न एकदाही विचारलाच नाही.

कार्ड काढलं, जंपर हलवला, राउटरवर:

```
controller E1 0/0
 linecode hdb3
```

मग टी-कनेक्टर लावून ऑसिलोस्कोप जोडला आणि शून्यांचा पिंग पुन्हा सोडला. मघाची शांतता गेली होती. त्या जागी धन, दोन रिकामे, धन, लगेच ऋण, दोन रिकामे, ऋण, पुन्हा धन. मोडतोडीचे ठोकेसुद्धा आळीपाळीनेच चिन्ह बदलत होते, म्हणजे घड्याळासाठी भर घालताना डीसी परत आत येऊ दिला नव्हता. शंभरपैकी शंभर.

पोर म्हणाली, "मग इथेही मँचेस्टरच का नाही लावलं? भानगडच नको." प्रश्न चांगला होता. एएमआयची ऊर्जा १.०२४ मेगाहर्ट्झच्या आसपास असते; मँचेस्टरची त्याच्या बरीच वर सरकते. केबलचा तोटा साधारण वारंवारतेच्या वर्गमुळाने वाढतो: १.०२४ वर ६ डेसिबल जाणारी केबल २.०४८ वर साडेआठच्या घरात खाते. तीन मीटरवर कुणाला पर्वा, पण ई-१ तीन मीटरसाठी बनलं नव्हतं. शिवाय मँचेस्टरच्या जोडीच्या दोन तारा उलट लागल्या की ० चे १ होतात. एएमआयला आणि एचडीबी-३ ला त्याचं काही नसतं. आपल्याकडच्या जोडण्या बघता हा गुण मी वरच्या नंबरावर ठेवेन.

बॅकअप त्याच रात्री गेला. स्वीकृती चाचणीच्या तक्त्यात शून्यांच्या पिंगची एक ओळ घाला, म्हणून मी लेखी पाठवलं. उत्तर आलं, "तक्ता वरून ठरलेला असतो." तेव्हापासून ती ओळ मी प्रत्येक तक्त्याच्या समासात हाताने लिहितो, आणि ती कुणी खोडलेली नाही, वाचलेलीही नाही.