‘बघून घेणे’ असं लिहिलेलं काम

शिफ्टच्या लॉगबुकातली नोंद अशी होती : ‘पी-204 बी आवाज येतोय. बघून घेणे.’ खाली सही, वेळ दुपारी 2.40.

पी-204 बी हा कूलिंग टॉवरचं पाणी फिरवणारा पंप. 30 किलोवॅटची मोटार, 1450 फेरे. शेजारी तसाच ‘ए’ पंप. एक चालतो, एक राखीव. दोन्ही बंद पडले की रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटचं पाणी थांबतं, आणि मग उत्पादनवाल्यांना बॅच अर्ध्यावर सोडून द्यावी लागते. रासायनिक कारखान्यात अशा पंपाकडे तो नीट चालतोय तोवर कोणी ढुंकून पाहत नाही.

सेकंड शिफ्टच्या फिटरने ती नोंद वाचली, पंपाला ग्रीस मारलं, आवाज बसला. त्याने लिहिलं, ‘बघितले. ओके.’ दुसऱ्या दिवशी आवाज परत आला. नाईटच्या फिटरने कपलिंगचा स्पायडर झिजलेला पाहिला, नवा टाकला, ‘ओके’ लिहिलं. तिसऱ्या दिवशी पंपाचं बेअरिंग हाताला चटका बसण्याइतकं तापलं आणि उत्पादनाने तो बंद करून ‘ए’ लावला.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये दोन्ही फिटरना धारेवर धरलं गेलं. मला ते अजिबात पटलं नाही. कारण सांगितलेलं काम दोघांनीही पूर्ण केलं होतं. ‘बघणे’ हे काम पंपासमोर उभं राहिलं की संपतं. आवाज थांबवायचा होता, तर तो ग्रीसने थांबला होता. खराब होत चाललेल्या बेअरिंगला ताजं ग्रीस मिळालं की काही तास ते शांत राहतं; त्यातल्या गोळ्या ज्या कडीवर फिरतात ती खड्डे पडलेली रेस मात्र तशीच असते. उलट बेअरिंग ग्रीसने ठासून भरलं की ते ग्रीस घुसळलं जाऊन उष्णता वाढते. 6309 बेअरिंगला एका वेळी साधारण 12 ग्रॅम पुरतं : बाहेरचा व्यास 100 मिमी, रुंदी 25 मिमी, गुणिले 0.005. ग्रीसगनचा एक दाब किती ग्रॅम देतो हे काट्यावर मोजल्याशिवाय ‘पाच-सहा दाब मार’ या सांगण्याला अर्थ नसतो.

फिटरला द्यायचं त्या पंपाच्या कामाचं कार्ड मग नव्याने लिहायला घेतलं. मेंटेनन्स प्लॅनिंगमध्ये हे माझं रोजचं काम आहे; हे कार्ड मात्र अजून डोक्यातून जात नाही.

सगळ्यात आधी कार्डाचा शेवट लिहिला, म्हणजे काम झालं हे कशावरून ठरवायचं ते. बहुतेक जण ही ओळ शेवटी लिहितात, तोवर घाई झालेली असते, म्हणून तिथे ‘काम पूर्ण करून कळवणे’ एवढंच उरतं. इथे लिहिलं : पंप नेहमीच्या भाराला सलग 2 तास चालवावा. पंपाची दोन आणि मोटारची दोन अशा चारही बेअरिंगवर, आडव्या, उभ्या आणि अक्षाच्या दिशेने कंपन 2.8 मिमी प्रति सेकंदाच्या आत असावं. बेअरिंगचं तापमान 70 अंशांच्या आत असावं आणि शेवटच्या अर्ध्या तासात 2 अंशांपेक्षा जास्त चढू नये. पंप आणि मोटारचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, म्हणजे अलाइनमेंटचे आकडे कार्डावर लिहावेत. काढलेलं बेअरिंग न धुता, टॅग लावून प्लॅनिंगच्या टेबलावर ठेवावं. 2.8 हा आकडा आयएसओ 10816 मधला, या ताकदीच्या यंत्रांसाठी बिनधास्त चालवण्याची वरची मर्यादा. पण तो सगळीकडे डोळे झाकून चिकटवायचा नसतो. हाच पंप चांगला असताना 1.9 दाखवायचा अशी जुनी नोंद होती, म्हणून 2.8 गाठता येईल याची खात्री होती. ज्या यंत्राचा चांगल्या दिवसातला आकडाच ठाऊक नाही, तिथे आधी तो मिळवावा लागतो.

मग उद्देश. ‘बेअरिंग बदलणे’ हा उद्देश नव्हे, तो उपाय झाला. लिहिलं असं : ‘उद्या सकाळी ए पंप सील बदलण्यासाठी काढायचा आहे. तेव्हापासून किमान 3 दिवस बी एकटा चालला पाहिजे.’ एवढ्या दोन वाक्यांनी फिटरच्या हातात निर्णय येतो. उघडल्यावर शाफ्टवर बारीक खुणा दिसल्या, तर पॉलिश करून चालवायचं की थांबायचं, हे ‘तीन दिवस एकटा’ या शब्दांवरून त्याला ठरवता येतं. नुसतं ‘बेअरिंग बदला’ म्हटलं तर तो बेअरिंग बदलून मोकळा होतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

साहित्याच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पंप कुठला, इथपासून सुरुवात. रंगकामात नंबरप्लेटवर रंग बसला होता, म्हणून ‘टॉवरकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडून दुसरा’ असं लिहिलं. बेअरिंग ‘6309’ असं न लिहिता ‘6309 सी3, 2 नग’ असं लिहिलं आणि खाली एक रेघ मारली. सी3 म्हणजे आतली मोकळीक जास्त. शाफ्ट तापून फुगला की साध्या 6309 मधली मोकळीक संपते आणि बेअरिंग आवळतं. स्टोअरमध्ये दोन्ही एकाच कप्प्यात असतात, बाहेरून मापं सारखीच, खोक्यावरचे बारीक शब्द रात्री दोन वाजता कोण वाचतो? म्हणून दोन नग दिवसाच काढून, खोकं तपासून, कार्डासोबत पिशवीत ठेवले. मोटारच्या पायाखाली घालायच्या पातळ पत्र्यांचा म्हणजे शिमचा संच, डायल गेज, बेअरिंग तापवायचा इंडक्शन हीटर, तोही 110 अंशांवर लावून. हे सगळं कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, तेही लिहिलं. नाईटला स्टोअर बंद असतं. किल्लीवाल्याचं नाव नसलेलं कार्ड घेऊन फिटर अर्धी रात्र वॉचमनला शोधत फिरतो, हे ऑफिसात बसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

परमिटही साहित्यातच धरावं लागतं. पॅनेलमधला फीडर कुठला, कुलूप कोण लावणार, सक्शन आणि डिस्चार्ज व्हॉल्व्ह कोणते, उत्पादनाकडून सही कोण देणार. डिस्चार्जचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत असेल तर हेडरचं पाणी मागे येऊन पंप उलटा फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह बंद झाल्याची खात्री ड्रेन उघडून करायची, हे एक वाक्य वेगळं लिहिलं.

मुदतीच्या रकान्यात ‘तातडीचे’ हा शब्द मी कधीच लिहीत नाही. आमच्याकडे दहापैकी नऊ कार्डांवर तो असतो, त्यामुळे फिटर कोणतंच कार्ड आधी उचलत नाही. सीलवाला कंत्राटदार सकाळी 8 ला येणार, त्याआधी ‘ए’चं परमिट व्हायला हवं, म्हणून ‘बी’ 6 ला मोकळा हवा. तिथून मागे मोजलं : ट्रायल 2 तास, म्हणजे 4 ला पंप सुरू. अलाइनमेंट दीड तास, म्हणजे अडीचला बेअरिंग बसलेलं. उघडणं, काढणं, साफसफाई आणि बसवणं यांना चार तास, म्हणजे साडेदहाला परमिट हातात. आणि त्याच्याखाली दोन ओळी, ज्या मला मुदतीपेक्षाही महत्त्वाच्या वाटतात : ‘12 वाजेपर्यंत परमिट मिळालं नाही तर पंप उघडू नका, फोन करा. 6 ला होणार नाही असं वाटलं तर 4.30 पर्यंत कळवा.’ अर्धवट उघडलेला पंप आणि दारात उभा कंत्राटदार ही सगळ्यात महागडी सकाळ.

कार्ड नाईटच्या जुन्या फिटरकडे गेलं. वाचून ते म्हणाले, “साहेब, बेअरिंग कसं बसवायचं ते आता कागदावरून शिकायचं का?” त्यांचा राग रास्त होता, म्हणून त्यांच्यासमोरच दोन ओळी खोडल्या : पुलर कसा लावायचा आणि बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे. सी3 ची ओळ मात्र ठेवली, कारण ती स्टोअरच्या कप्प्यामुळे होती, त्यांच्या हातामुळे नव्हे. कारागिराला पान्हा कसा धरायचा हे सांगू नये. त्याला त्याच्या जागेवरून दिसू शकत नाही तेवढंच सांगावं.

परमिट सव्वादहाला मिळालं. बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर एका बाजूला खड्डे पडलेले होते. दोनला नवी बेअरिंग बसली, साडेतीनला पंप सुरू झाला. आवाज नव्हता. एरवी इथे ‘ओके’ लिहिलं गेलं असतं आणि कोणी काही म्हटलंही नसतं. पण कार्डावर चार बेअरिंग होती. पंपाकडे 2.1 आलं, मोटारच्या कपलिंगकडच्या बाजूला 3.6.

त्यांनी पंप बंद करून परत कुलूप घातलं आणि मोटारचा एकेक पाय डायल लावून सैल केला. तीन पाय जागचे हलले नाहीत. मागचा उजवा पाय बोल्ट सोडताच 0.18 मिमी वर उठला. 0.05 च्या वर उठला की त्या पायाखाली फट आहे असं समजायचं. बोल्ट आवळला की मोटारचा सांगाडाच पिळतो. थंड असताना जमलेलं अलाइनमेंट चालताना टिकत नाही. साडेचारला फोन आला, “सहाला होत नाही, आठ धरा.” पायाखाली शिम घातला, अलाइनमेंट पुन्हा केलं, 5.40 ला ट्रायल सुरू केली. 7.40 ला चारही बेअरिंगवर सगळ्यात मोठा आकडा 1.7.

शिफ्ट इन्चार्जने रजिस्टरला ‘काम 1 तास 40 मिनिटे उशिरा’ असा शेरा मारला. सकाळचा तो शेरा आणि संध्याकाळी ‘ए’ उघडलेला असताना शांत चालणारा ‘बी’, या दोन्हींचा हिशेब एकाच रकान्यात कसा मांडायचा हे आमच्या व्यवस्थेला अजून जमलेलं नाही. वेळेवर ‘ओके’ लिहिणारा तिच्या लेखी अजूनही चांगला कामगार ठरतो.

मला सतावणारा प्रश्न वेगळाच आहे. पायाखालची ती फट कधीची? मोटार मागे एकदा रिवाइंडिंगला जाऊन आली होती. तेव्हाच्या कार्डावर ‘मोटार बसवली, ओके’ एवढंच आहे, एकही आकडा नाही. फट तेव्हापासून असेल तर पंपाचं बेअरिंग तिनेच खाल्लं असावं. नंतर झाली असेल तर पायाचं काँक्रीट बसतंय आणि ती पुन्हा होणार. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. रिवाइंडिंगच्या कार्डावर चार पायांचे चार आकडे असते तर हे आज पाच मिनिटांत कळलं असतं. आता त्या पायावर दर महिन्याला डायल लावायचं वेगळं कार्ड काढलं आहे, 0.05 च्या वर गेलं तर सिव्हिलला कळवायचं असं लिहून.

‘ए’च्या सीलच्या कार्डावर शेवटची ओळ लिहून होईना. उत्पादनवाले म्हणत होते, मिनिटाला दोन-तीन थेंब चालतील, साधं पाणी तर आहे. कंत्राटदार म्हणत होता, नवं सील पहिले काही तास थोडं गळतंच. दोघांनाही ‘गळती नसावी’ हे वाक्य मान्य होतं, कारण त्यातून प्रत्येकाला आपापला अर्थ काढता येत होता. शेवटी ‘सुरू केल्यापासून 4 तासांनी, 10 मिनिटं कोरडा कागद सीलखाली धरल्यावर त्यावर एकही थेंब नसावा’ असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि मगच कार्ड फिटरच्या हातात दिलं.