सातवीच्या वर्गाचं जाळं मांडताना

बी.एड.ला समाजमिती शिकले होते. कागदावर मुलांची वर्तुळं काढायची, बाण जोडायचे आणि सर्वांत जास्त बाण ज्याच्याकडे येतात तो 'लोकप्रिय', इतकंच. सातवीचा वर्ग हाती आला तेव्हा तेवढ्यावर भागेना. गटात गणितं सोडवायला दिली की वस्तीवरून चालत येणारी मुलं एका कोपऱ्यात गप्प बसत. त्यांच्यापर्यंत काही पोचतं का आणि कुठून पोचतं, हे मला शोधायचं होतं.

आधी प्रश्न ठरवला. "तुझे मित्र कोण?" असं विचारलं की मुलं जे आवडतात त्यांचीही नावं लिहितात आणि ज्यांना दुखवायचं नाही त्यांचीही. मी विचारलं, "गेल्या आठवड्यात गणित अडलं तेव्हा वर्गात कुणाकुणाला विचारलंस?" पूर्ण हजेरीपट छापून दिला आणि हव्या तितक्या नावांवर खूण करायला सांगितलं. 'फक्त तीन नावं लिहा' म्हटलं असतं तर चौथं नातं कायमचं गळलं असतं. मुलांना आणि पालकांना हेतू सांगितला, नावांऐवजी क्रमांक वापरले आणि चिठ्ठ्या वर्गात कुणाला दाखवल्या नाहीत. कुणालाच नको असलेलं मूल भिंतीवरच्या तक्त्यात दिसलं, तर त्या मुलाचं वर्ष खराब होतं.

प्रत्येक मूल म्हणजे एक नोड आणि प्रत्येक खूण म्हणजे एक दुवा. हे मी गेफी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरलं. फाइल साधीच असते:

```
Source,Target
14,3
14,21
8,5
```

मथळ्याखालच्या पहिल्या ओळीचा अर्थ, १४ नंबर ३ नंबरला विचारते.

आधी येणारे बाण मोजले. ५ नंबरच्या मुलाकडे ११ बाण होते, वर्गात सर्वांत जास्त. गणितात तो हुशार आहे हे मला माहीतच होतं, त्यामुळे नवीन काही कळलं नाही. नवीन कळलं ते मध्यस्थतेच्या मोजमापातून. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये ते मांडलं. कोणत्याही दोन मुलांमधला सर्वांत जवळचा रस्ता किती वेळा या मुलावरून जातो, हे त्यात मोजतात. गेफीत त्यासाठी वेगळं बटण नाही. Statistics मध्ये Network Diameter चालवलं की Betweenness Centrality चा रकाना तयार होतो. तिथे मी Undirected निवडलं, कारण कोण कुणाला विचारतं यापेक्षा दोघांत गणिताचं बोलणं होतं का, एवढंच मला पाहायचं होतं.

या रकान्यात सगळ्यांच्या वर १४ नंबरची मुलगी आली. तिला दुवे फक्त चार, दोन गावातल्या मुलांशी आणि दोन वस्तीवरच्या. आकडा खरा वाटेना म्हणून हाताने पडताळला. पट २८ चा. तिला वगळलं तर गावातली १८ मुलं आणि वस्तीवरची ९. या दोन बाजूंना जोडणारा दुसरा कुठलाच दुवा नव्हता, म्हणजे गावातल्या कुठल्याही मुलापासून वस्तीवरच्या कुठल्याही मुलापर्यंतचा रस्ता तिच्यावरूनच जाणार. १८ गुणिले ९, निदान १६२ जोड्या. तिच्याशिवायच्या २७ मुलांच्या एकूण जोड्या ३५१ होतात, म्हणजे जवळजवळ निम्म्या जोड्यांच्या मध्ये ती एकटी उभी होती. ५ नंबरचा आकडा बराच खाली होता. त्याला विचारणारी मुलं एकमेकांनाही विचारत होती, त्यामुळे त्याला टाळून जाणारे रस्ते पुष्कळ होते.

ही मुलगी आधी गावात राहायची, नंतर तिचं घर वस्तीवर गेलं. वर्गात ती फार बोलत नाही आणि गटप्रमुख म्हणून माझ्या मनात तिचं नाव कधीच आलं नव्हतं.

चिठ्ठ्या भरल्या त्या दिवशी वस्तीवरचा एक मुलगा गैरहजर होता. त्याची चिठ्ठी नंतर भरून घेतली, तर त्याने गावातल्या एका मुलावर खूण केलेली. त्या एका दुव्याने १४ नंबरचा आकडा धाडकन खाली आला. मध्यस्थता अशी नाजूक असते. येणाऱ्या बाणांच्या मोजणीत एक चिठ्ठी कमी पडली तर एखाददुसऱ्याचा फरक पडतो. इथे सगळं चित्रच बदलू शकतं. म्हणून गैरहजर मुलांच्या चिठ्ठ्या आल्याशिवाय मी आता आकडे बघत नाही.

१४ नंबरला मी मुद्दाम कुठली जबाबदारी दिली नाही. दोन्ही बाजूंचा भार आधीच तिच्यावर होता, आणि ती आजारी पडली तर उरलेला एकच दुवा. त्याऐवजी गणिताच्या जोड्या बदलल्या, गावातलं एक आणि वस्तीवरचं एक. दुसऱ्या सत्रात तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर दोन्ही बाजूंना जोडणारे सहा दुवे दिसले. त्यातले चार मी लावलेल्या जोड्यांमधले होते, त्यामुळे ते टिकतील की नाही हे जोड्या मोडल्यावरच कळेल. उरलेले दोन मुलांनी आपणहून जोडलेले होते.