स्वागताच्या भाषणात वहीची गोष्ट

आज महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे स्वागत झाले आणि विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष म्हणून मला बोलायचे होते. स्पर्धेपेक्षा माणुसकी मोठी, एवढेच म्हटले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या, पण कोणालाही ते पटले नसते. म्हणून मी वहीबद्दल बोलले. पावसात कर्जत-कसाऱ्याची लोकल रखडली की लांबून येणाऱ्यांचे सकाळचे पहिले व्याख्यान बुडते, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीतले व्याख्यान ऐकता ऐकता उतरवून घेणे सुरुवातीला जड जाते. अशा वेळी कोणाला वहीचे फोटो पाठवल्याने आपला एकही गुण कमी होत नाही, कारण लेखी परीक्षेत गुण आपल्याच उत्तरपत्रिकेवर मिळतात. एकांकिकेच्या संघात किंवा नोकरीच्या मुलाखतीत जागा मोजक्याच असतात, तिथे चुरस राहणारच, हेही मी लपवले नाही. (मागे उभ्या असलेल्या सरांनी इथे मान डोलावली, याचा मला जरा जास्तच आनंद झाला.)

नंतर बदलापूरच्या एका मुलीने विचारले, "ताई, वही मागितली तर कोणी हसणार नाही ना?" तिला परिषदेच्या खोलीतल्या मागच्या वर्षीच्या वह्या दाखवल्या, अकाउंट्सची वही तिने लगेच पिशवीत टाकली.