दुपारी अडणारा प्रिंटर

थ्रीडी प्रिंटरवर रात्री लावलेला भाग सकाळी स्वच्छ निघायचा. तीच फाइल आणि तोच पीएलए प्लास्टिकच्या तारेचा, म्हणजे फिलामेंटचा, रोल दुपारी लावला की अडीच तासांनी थर विरळ व्हायचे, तार पुढे ढकलणारा एक्स्ट्रुडर टकटक वाजू लागायचा आणि नोझल रिकामंच फिरत राहायचं.

नोझल तुंबलं असेल म्हणून मी ते बदललं. पुन्हा तेच. मग तापमान २१५ वरून २२५ केलं, तर यावेळी दोन तासही धड झाले नाहीत. तिथे मला खटकलं, कारण तुंबलेलं नोझल जास्त उष्णतेनं थोडं तरी सैल व्हायला हवं होतं.

फिलामेंट मोठ्या मुश्किलीनं बाहेर ओढलं आणि टोक निरखून पाहिलं. १.७५ मिमीचं फिलामेंट टोकाच्या बरंच वर, जवळजवळ एक सेंटिमीटरभर, फुगून नळीच्या मापाचं झालं होतं. म्हणजे बूच बसलं होतं ते वितळण्याच्या जागेच्या वर, उष्णता वर चढू न देणाऱ्या नळीत, हीट ब्रेकमध्ये. तिथे फिलामेंट कडकच राहायला हवं. मऊ झालं की मागून रेटलेला जोर खाली पोचत नाही, ते आडवं फुगतं.

पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. हीट ब्रेकच्या वरच्या हीट सिंकला पंखा थंड ठेवतो, पण आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. त्या दुपारी खोलीत ३९ अंश होते. भाग ज्यावर छापला जातो तो बेड ६० वर आणि प्रिंटरच्या पेटीचं दार बंद, त्यामुळे पेटीत ४८. रात्री हाच आकडा दहा अंशांनी कमी असायचा. हीट सिंकच्या बुडाशी तापमान मोजणारा थर्मोकपल चिकटवून मी शेजारी बसलो: सुरुवातीला ५०, दोन तासांनी ५८.

पंखा फिरत होता, म्हणून मी आधी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. दोन तारांचा पंखा किती वेगानं फिरतोय हे प्रिंटरला कळत नाही, त्यामुळे सूचनाही येत नाही. काढून पाहिला तर पात्यांवर आणि हीट सिंकच्या फटींत धुळीचा थर. हाताला वारा जेमतेम लागत होता.

धूळ काढली, दार आणि झाकण उघडं ठेवलं, नोझल २०५ वर आणलं. फिलामेंट मागे खेचण्याचं अंतर, म्हणजे रिट्रॅक्शनही २ मिमीवरून ०.८ केलं, कारण प्रत्येक वेळी मागे खेचताना वितळलेलं प्लास्टिक हीट ब्रेकमध्ये चढत होतं. एबीएस प्लास्टिकला पेटी बंदच लागते, पण ते १०० अंशांच्या पुढे मऊ पडतं, म्हणून त्याला ही पेटी चालते. पीएलएला उन्हाळ्यात नाही.

दुसऱ्या दिवशी खोलीत पुन्हा ३९ अंश असताना नऊ तासांचा तोच भाग लावला. तिसऱ्या तासाला थर्मोकपल ४६ दाखवत होता.