ऊसतोडीच्या तळावर संमतीपत्र

पीएच.डी.साठी मी एक अख्खा गळीत हंगाम ऊसतोड कामगारांच्या एका टोळीबरोबर काढला. टोळी बीडकडची, कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला. मार्गदर्शक मिळाले, विषय मंजूर झाला, कारखान्याच्या शेतकी विभागाने हरकत घेतली नाही, तळाजवळच्या गावात खोलीही मिळाली. त्या सगळ्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते आमच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीपाशी, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांमध्ये राहून त्यांच्या रोजच्या जगण्यात सामील होत अभ्यास, करायला निघालेल्या प्रत्येकाला ही समिती भेटणार, म्हणून सविस्तर लिहिते.

समितीने दिलेला संमतीपत्राचा नमुना दवाखान्यातल्या चाचण्यांसाठी तयार केलेला होता. माणूस येणार, आपण त्याला माहिती देणार, तो सही करणार, मग अभ्यास सुरू. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी त्रयस्थ साक्षीदाराची सही. अर्जात 'सहभागींची संख्या' असा रकाना होता आणि 'प्रश्नावली जोडा' अशी सूचना. तळावर राहणार म्हटल्यावर रोज कोण भेटेल, पाहुणे किती येतील, वाढे, म्हणजे चाऱ्यासाठी उसाचे शेंडे, घ्यायला कुठला दूधवाला येईल, हे आधी कसं सांगणार? खिडकीवर उत्तर मिळालं, "रकाना रिकामा ठेवता येत नाही."

रकान्याचं निभावलं असतं. सहीचं निभावण्यासारखं नव्हतं. ऊसतोडीत कागदावर अंगठा म्हणजे उचल. हंगामाआधी टोळी जमवणारा मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, आगाऊ रक्कम देतो. ती लाखाच्या आसपास किंवा वरही जाते. कित्येकदा तिच्यासाठी स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं जातं. हंगामात तोडलेल्या टनांच्या हिशोबातून ती फिटली नाही की बाकी पुढच्या वर्षावर जाते. त्या कागदात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला बहुतेक वेळा वाचता येत नाही. अशा माणसासमोर मी चार पानांचा छापील कागद ठेवायचा आणि म्हणायचं की हा तुमच्या संरक्षणासाठी आहे! ओळख व्हावी म्हणून हंगामाआधी त्यांच्या गावी गेले होते, तेव्हा मी नमुना नुसता दाखवला होता. एक म्हातारे बाबा उठून घरात गेले. त्यांच्या सुनेने सांगितलं, "ताई, बोलायचं तेवढं बोला, कागद नगा काढू."

साक्षीदाराची अट तर याहून वाईट. टोळीत सफाईने वाचता येणारा माणूस कोण? मुकादम, नाहीतर त्याचा भाऊ. म्हणजे मुकादमाबद्दल माझ्याशी बोलायला बाई तयार आहे, याला साक्षीदार खुद्द मुकादम. हे मी समितीला लिहून कळवलं. उत्तर आलं की 'नमुन्यात बदल करता येणार नाही, सुधारित अर्ज सादर करावा'. समितीची बैठक काही महिन्यांनी एकदा व्हायची. ऊस मात्र समितीसाठी थांबत नाही. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, आणि टोळ्या गावाकडे निघतात. एक बैठक हुकली तर हंगामाची सुरुवात हातची जाते, आणि टोळीत तुमची जागा ठरते ती त्या सुरुवातीच्या दिवसांतच. अर्ज परत येई, मी पुन्हा लिही, तो पुन्हा परत येई. त्या काळात मी किती चिडले होते ते माझ्या घरचे सांगतील.

शेवटी मार्ग निघाला तो नियमांमधूनच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आमची समिती स्वतःच आधार म्हणून दाखवत होती. त्याच तत्त्वांमध्ये विशिष्ट परिस्थितीत, समितीच्या मान्यतेने, तोंडी संमती घेण्याची सोय आहे. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेच्या 1998 च्या संहितेत तर स्पष्ट म्हटलंय की संमतीला लेखी किंवा सही केलेलं रूप असलंच पाहिजे असं नाही. महत्त्व संमतीच्या दर्जाला आहे, स्वरूपाला नाही. हे दोन्ही आधार जोडून मी 'तोंडी संमतीची कार्यपद्धती' म्हणून एक पान लिहिलं. मी काय बोलणार ते शब्दशः, बोलीभाषेत. कधी आणि कुणासमोर बोलणार. होकार वहीत कसा नोंदवणार: तारीख, ठिकाण, कोण हजर होतं, माणूस काय म्हणाला. नकार आला तर काय करणार. वजनकाट्यासारख्या उघड्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काय. आणि सर्वांत महत्त्वाचं, संमती पुन्हा कधी विचारणार. संख्येच्या रकान्यात 'एक टोळी व तिच्या संपर्कात येणाऱ्या व्यक्ती' असं लिहिलं. या अर्जाला मंजुरी मिळाली. हे पान पहिल्याच अर्जाला जोडा, समिती मागेल याची वाट पाहू नका.

'पुन्हा कधी' हा मुद्दा मी कागदासाठी घातला नव्हता. निरीक्षकाच्या भूमिकांबद्दल अभ्यासक्रमात समाजशास्त्रज्ञ रेमंड गोल्डची 1958 सालची मांडणी शिकवतात: पूर्ण सहभागी, निरीक्षण करणारा सहभागी, सहभाग घेणारा निरीक्षक, पूर्ण निरीक्षक. वर्गात वाटतं की यातली एक निवडायची आणि कामाला लागायचं. तळावर भूमिका तुम्ही निवडत नाही, लोक देतात आणि लोकच बदलतात. मी गेले तेव्हा बायकांनी मला 'पिशवीवाली' ठरवलं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजल्यापासून तळावर चौकशीला येणाऱ्या अनोळखी बाया त्यांनी पाहिल्या होत्या, त्यातलीच मी एक. पुरुषांना मी कारखान्याची वाटत होते. फडात मी वाढे बांधायला बसू लागले तेव्हा हे ओसरलं. मोळ्या मात्र बांधल्या नाहीत, आणि ते ठरवून. पैसे टनावर मिळतात. एका जोडीच्या मोळ्या मी बांधल्या असत्या तर त्यांचा ऊस आधी उरकला असता आणि इतरांशी तुलना बिघडली असती. शिवाय मी जे मोजायला आले तेच माझ्यामुळे बदललं असतं. वाढ्यांचे पैसे बायकांच्या हातात येतात, त्यामुळे तिथे बसल्यावर बोलणंही वेगळं ऐकू येतं.

मग मला वजनाच्या पावत्या वाचता येतात हे कळलं आणि मी 'पावतीवाली ताई' झाले. एकदा रात्री एका जोडप्याने पिशवीत जपलेल्या पावत्या माझ्यासमोर ठेवल्या. मुकादमाच्या वहीतला आकडा आणि पावत्यांची बेरीज यांत साडेतीन टनांचा फरक निघाला. दुसऱ्या दिवशी आणखी पावत्या आल्या, आणि मुकादम माझ्यासमोर हिशोब बोलेनासा झाला. एका हातात नवी माहिती आली, दुसऱ्या हातातली गेली. पण त्याहून महत्त्वाचं असं की या लोकांनी होकार दिला होता तो वाढे बांधणाऱ्या पाहुणीला. पावत्या दाखवत होते ते आपल्या बाजूच्या माणसाला. तो जुना होकार इथे चालवून घेणं मला पटलं नाही. मी परत सगळं सांगितलं: हे आकडे माझ्या वहीत जातील, नाव जाणार नाही, चालेल का? बहुतेक हो म्हणाले. एकाने आकडा लिहू दिला, पण गावाचं नाव गाळायला सांगितलं.

एका बाईने चुलीपाशी सांगितलं की तिच्या नवऱ्याने दोन मुकादमांकडून उचल घेतली आहे. अशा माणसाला दुसरा मुकादम शोधत आला तर प्रकरण मारहाणीपर्यंत जातं. त्या रात्री मी वहीत ती जागा कोरी ठेवली आणि सकाळी तिला विचारलं. ती म्हणाली, "ते तुला सांगितलं, वहीत कशाला?" ती जागा कोरीच राहिली. इथे ते लिहिते आहे तेही तिला पुढच्या वर्षी विचारून, आणि ओळख पटू शकेल असे तपशील बदलून. पहिल्या दिवसाच्या सहीने या बाईचं काय रक्षण केलं असतं?

म्हणून माझ्या प्रत्येक नोंदीच्या वर तारीख, वेळ, जागा आणि हजर माणसांचे संकेतांक यांच्याबरोबर एक ओळ असे: 'आज मी कोण होते'. पाहुणी, वाढेवाली, पावतीवाली, आजारी पोराला दवाखान्यात नेणारी. सहा महिन्यांनी विश्लेषण करताना या ओळीचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच नाही. मुकादमाबद्दलच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी मी पावतीवाली झाल्यानंतरच्या आहेत. तक्रारी तेव्हा वाढल्या असा निष्कर्ष काढला असता तर तो खोटा ठरला असता. त्या मला सांगायला तेव्हा सुरुवात झाली.

नोंदींबद्दल आठवतंय तसं सांगते. फडात खिशातल्या छोट्या वहीत तीन-चार शब्दच टिपायचे: 'वाढे-भाव-भांडण', 'काटा-रात्र-डिझेल'. त्यावरून त्याच दिवशी पूर्ण नोंद करायची, आणि ती होईपर्यंत त्या दिवसाबद्दल कुणाशी फोनवरही बोलायचं नाही. एकदा सांगितलं की तुम्ही सांगितलेली गोष्टच लक्षात राहते, घडलेली पुसट होते. डाव्या पानावर पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजव्या पानावर माझा अर्थ. जसेच्या तसे आठवणारे शब्द अवतरणात, बाकीचे अवतरणाशिवाय. तळावरच्या एका तासाला लिहायला दोन-तीन तास लागतात, हे वेळापत्रक आखताना धरा. नाहीतर शिल्लक साचते आणि साचलेली नोंद पातळ होते.

नोंदी बिघडू लागल्यात हे दोन खुणांवरून कळतं. डाव्या पानावर 'चिडलेली होती' असे शब्द यायला लागतात. तिने कोयता खाली टाकला की पाठ फिरवली, ते येत नाही. आणि 'नेहमीप्रमाणे' हा शब्द वाढतो. माझ्या वहीत तो दिसायला लागला त्या आठवड्यात मी टोळी सोडून दोन दिवस काट्यावर बसले, ट्रॅक्टरच्या रांगेत. परत आल्यावर तळ पुन्हा दिसायला लागला.

संकेतांकांची किल्ली वेगळ्या वहीत आणि वेगळ्या घरी ठेवा. नोंदींच्या प्रतीही एकाच छपराखाली नकोत. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात केलेल्या क्षेत्रकार्याच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत गेल्या, कारण तिन्ही एकाच इमारतीत होत्या. मूळ टिपणं दिल्लीत होती म्हणून ती तरी वाचली.

पट्टा पडायच्या आधी मी तळावर माझ्या नोंदींतले निवडक भाग वाचून दाखवले, ज्याचा त्याला. दोघांनी मजकूर गाळायला लावला. एका बाईने उलट सांगितलं की तिने पहाटे तीनला उठून केलेला स्वयंपाक मी एका ओळीत उरकलाय, तो नीट लिही. तो आता प्रबंधात पान दीड पान आहे.