रेषाखंडांचे सगळे छेदनबिंदू शोधताना: माझा अनुभव

माझ्याकडे एका आराखड्यातले हजारो रेषाखंड होते आणि कोण कोणाला नेमका कुठे छेदतो याची पूर्ण यादी हवी होती. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक जोडी तपासायची. १०,००० रेषाखंडांच्या ४,९९,९५,००० जोड्या होतात. आजच्या संगणकाला हे काही फार जड नाही, पण रेषाखंड दहापट झाले की जोड्या शंभरपट होतात आणि माझा आराखडा वाढतच जाणार होता. त्यातले बहुतेक रेषाखंड आखूड होते, एकमेकांपासून दूर होते, आणि खरे छेद त्या मानाने थोडेच होते. म्हणून मी जॉन बेंटली आणि थॉमस ओटमान यांची १९७९ सालची पद्धत लिहायला घेतली.

कल्पना अशी की एक उभी रेषा डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची. कोणत्याही क्षणी ही सरकती रेषा ज्या रेषाखंडांना छेदते, त्यांची खालून वर अशी क्रमवार यादी ठेवायची. हिला स्टेटस म्हणतात. दोन रेषाखंड एकमेकांना छेदणार असतील, तर छेदाच्या किंचित आधी ते स्टेटसमध्ये शेजारी-शेजारी आलेलेच असतात. म्हणून फक्त शेजाऱ्यांची तपासणी पुरते. ‘एखादा तरी छेद आहे का’ एवढ्याच प्रश्नासाठी शेमॉस आणि होई यांनी १९७६ मध्ये हाच विचार मांडला होता. सगळे छेद हवे असतील तर छेद सापडल्यावरही पुढे जावे लागते आणि त्या जागी दोघांचा क्रम उलटावा लागतो. खरी गंमत, आणि खरा त्रासही, या उलटण्यात आहे.

कोड लिहिण्याआधी मी तीन रेषाखंड कागदावर चालवून पाहिले. क (०, ०) पासून (८, ८) पर्यंत, ख (०, ६) पासून (८, २) पर्यंत आणि ग (१, ५) पासून (९, ५) पर्यंत, म्हणजे आडवा.

x = ० ला क आणि ख आत आले. खालून क्रम क, ख. दोघे शेजारी, म्हणून तपासले; ते (४, ४) ला छेदतात. जिथे रेषाखंड सुरू होतो, संपतो किंवा दुसऱ्याला छेदतो, ती प्रत्येक जागा म्हणजे एक घटना; हा बिंदू पुढच्या घटनांच्या रांगेत टाकला. x = १ ला ग सुरू झाला. तिथे क ची उंची १, ख ची ५.५ आणि ग ची ५, म्हणून ग मधोमध शिरला आणि क्रम झाला क, ग, ख. आता क आणि ख शेजारी राहिले नाहीत. नवे शेजारी क-ग, त्यांचा छेद (५, ५). आणि ग-ख, त्यांचा (२, ५). दोन्ही रांगेत गेले.

इथे (४, ४) चे काय करायचे, हा प्रश्न येतो. तो रांगेत राहू दिला तरी उत्तर चुकत नाही, पण रांग विनाकारण फुगू शकते. ब्राउन यांनी १९८१ मध्ये सुचवलेला उपाय सोपा आहे: जोडी शेजारी नसली की तिचा छेद रांगेतून काढून टाका, ती पुन्हा शेजारी आली की तो आपोआप परत सापडेल. मग रांगेत छेदांच्या घटना स्टेटसमधल्या शेजारी जोड्यांपेक्षा कधीच जास्त होत नाहीत. मी (४, ४) काढला.

x = २ ला ग आणि ख उलटले. क्रम क, ख, ग. क-ख पुन्हा शेजारी, (४, ४) परत रांगेत. क-ग तुटले, म्हणून (५, ५) बाहेर. x = ४ ला क आणि ख उलटले, क्रम ख, क, ग, आणि (५, ५) परत आत. x = ५ नंतर क्रम ख, ग, क. इथे ख-ग पुन्हा शेजारी येतात, पण त्यांचा छेद x = २ ला होऊन गेला आहे. सरकत्या रेषेच्या मागे पडलेला बिंदू रांगेत घालायचा नाही. x = ८ ला ख आणि क संपले, x = ९ ला ग. तिन्ही छेद मिळाले. एवढे हाताने केले की पद्धत समजते. पुस्तकातली सिद्धता मी त्यानंतर वाचली आणि मगच ती मला पटली.

मग मुद्दाम चौथा रेषाखंड घातला: घ, (२, ४) पासून (७, ४) पर्यंत. आता (४, ४) मधून क, ख आणि घ असे तिघे जातात. तिथे पोहोचण्याआधी क्रम आहे क, घ, ख, ग. ‘दोन शेजाऱ्यांची अदलाबदल’ एवढाच नियम लावला, तर आधी क-घ उलटतात आणि क्रम होतो घ, क, ख, ग. पुढची घटना घ-ख ची, पण ते आता शेजारीच नाहीत. कोड कसा लिहिला आहे त्यावर पुढचे अवलंबून: एखादा छेद गळतो, नाही तर भलतेच दोघे उलटतात. ब्राउन यांची सुधारणा वापरत असाल तर घ-ख ची घटना रांगेतून काढलेलीच असेल, आणि मग सगळे जोड्या येतील त्या क्रमावर चालते. तसल्या क्रमावर विसंबून राहणे मला नको होते.

म्हणून घटना ही जोडीची न मानता बिंदूची मानली. एका बिंदूवर आलो की त्यातून जाणारे, तिथे संपणारे आणि तिथे सुरू होणारे सगळे रेषाखंड एकत्र गोळा करायचे. जाणारे आणि संपणारे स्टेटसमधून काढायचे. जाणारे आणि सुरू होणारे परत घालायचे, पण बिंदूच्या लगेच उजवीकडचा क्रम धरून, म्हणजे चढाप्रमाणे. खाचा चढ −१/२, घचा ०, कचा १, म्हणून नवा क्रम ख, घ, क, ग. तिघांचा गट एका फटक्यात उलटला. त्यानंतर फक्त गटाच्या दोन टोकांना नवे शेजारी मिळतात, तेवढेच तपासायचे. इथे खाली कोणी नाही. वर क आणि ग.

उभ्या रेषाखंडांची मला आधी धास्ती होती, कारण त्यांना एका x ला एकच उंची नसते. पण घटना x प्रमाणे आणि x सारखा असेल तर y प्रमाणे लावल्या की जणू सरकती रेषा किंचित कललेली असते. उभ्याचे खालचे टोक ‘डावे’ धरायचे आणि चढ सर्वांत मोठा. मी स्टेटसमध्ये उंचीची तुलना करतच नाही. चालू बिंदू p रेषाखंडाच्या वर, खाली की त्यावरच आहे एवढेच विचारतो:

```
s = (bx-ax)*(py-ay) - (by-ay)*(px-ax)
```

a हे डावे टोक, b उजवे. s धन तर बिंदू वर, ऋण तर खाली, शून्य तर रेषाखंडावर. उभा रेषाखंड स्टेटसमध्ये असताना येणारा प्रत्येक बिंदू त्याच्यावरच असतो, म्हणून s शून्य येतो आणि वेगळा नियम लिहावा लागत नाही. एकावर एक पडलेले रेषाखंड मात्र मी आधीच जोडून एक करून घेतो. अनंत समाईक बिंदूंची यादी कोणालाच नको असते.

आता आकड्यांकडे. पहिली आवृत्ती मी `double` मध्ये ठेवली होती, ती कुठे तुटते ते पाहण्यासाठीच. छेदनबिंदूचा x बहुधा अपूर्णांक असतो आणि `double` मध्ये तो गोल होतो. गोल झालेला बिंदू दोन्ही रेषाखंडांवर नेमका बसत नाही. s शून्याऐवजी अगदी लहान काहीतरी येतो. मग गट गोळा करताना एखादा रेषाखंड सुटतो. किंवा संपणारा रेषाखंड स्टेटसच्या क्रमवार झाडात शोधायला गेलो तर तुलना चुकीच्या फांदीवर नेते, तो सापडत नाही आणि संपल्यानंतरही आतच राहतो. C++ मध्ये `std::set` ची `erase` किल्ली देऊन वापरली की अशा वेळी ती शांतपणे 0 परत देते, तक्रार करत नाही. तिसरा प्रकार याहून वाईट: नव्या छेदाचा x गोल होऊन चालू बिंदूच्या केसभर डावीकडे येतो, तो ‘मागे पडलेला’ म्हणून टाकला जातो, आणि त्या दोघांचा क्रम पुढे कायम उलटाच राहतो. प्रोग्राम कोसळत नाही, फक्त यादीत छेद कमी येतात.

हे पकडण्यासाठी एक तपासणी फार उपयोगी पडली. दोन घटनांच्या मधला x घ्यायचा, त्या जागी स्टेटसमधल्या सगळ्यांची उंची काढायची आणि खालून वर वाढते का ते पाहायचे. चाचणीपुरतेच चालवायचे, कारण दर घटनेला सगळे स्टेटस फिरावे लागते. पण क्रम बिघडला की तो नेमका कोणत्या घटनेला बिघडला ते कळते. नाही तर परिणाम खूप उजवीकडे जाऊन दिसतो आणि मूळ हाती लागत नाही.

‘फरक अमुक इतका लहान असेल तर शून्य धरा’ या उपायावर माझा विश्वास नाही. त्यात पहिला दुसऱ्याइतका, दुसरा तिसऱ्याइतका, पण पहिला तिसऱ्याइतका नाही असे होऊ शकते, आणि क्रमवार झाडाला हे चालत नाही. माझे निर्देशक पूर्णांक होते, म्हणून छेदनबिंदू मी अपूर्णांक म्हणूनच ठेवला: x चा अंश, y चा अंश आणि एक समान छेद. निर्देशकांची किंमत २० बिटांत मावत असेल, तर छेद ४३ बिटांत आणि अंश ६५ बिटांत मावतो. म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक इथेच अपुरा पडला. दोन छेदनबिंदूंमध्ये कोण डावीकडे हे तिरकस गुणाकाराने ठरवायचे, त्याला १०८ बिट लागतात; `__int128` मध्ये ते आरामात बसते. निर्देशक याहून बरेच मोठे असतील तर हवे तितके अंक पेलणारी लायब्ररी घ्यावी लागते आणि वेग घटतो.

चाचणीसाठी सगळ्या जोड्या तपासणारा साधा प्रोग्राम बाजूला ठेवला आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. निर्देशक मुद्दाम ० ते १० मधले घेतले. मोठ्या पल्ल्यातले यादृच्छिक रेषाखंड जवळजवळ कधीच एका बिंदूत तिघे भेटत नाहीत. लहान जाळीत मात्र टोकावर टोक, टोकावर मध्य, उभे, तिघे-चौघे एकत्र असे सगळे क्षणात मिळते. याद्या जुळल्या नाहीत की एकेक रेषाखंड काढत जायचे. बहुतेक वेळा शेवटी चार-पाच उरतात आणि ते कागदावर चालवता येतात.

या पद्धतीचा वेळ (n + k) log n च्या प्रमाणात जातो. n रेषाखंडांची संख्या, k छेदांची. लांब रेषाखंडांच्या दाट गुंत्यात k जोड्यांच्या संख्येजवळ जातो आणि तेव्हा साधी जोड्यांची तपासणीच लवकर संपते, कारण तिला ना झाड सांभाळायचे असते ना रांग. म्हणून माझ्या आराखड्यातला असा एक भाग मी आजही जुन्या दुहेरी लूपनेच काढतो.